दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे स्रोत असलेले सर्किट: सुपरपोझिशन लावताना बेरीज कुठे करायची

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी डाळ मिल डोळ्यांसमोर आणा. ट्रान्सफॉर्मरमधून येणारा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, पण मिलमधील मोटरचा वेग कमीजास्त करण्यासाठी ड्राइव्ह बसवला आहे. ड्राइव्हच्या आत सुरुवातीलाच डायोडचा रेक्टिफायर असतो आणि तो लाइनमधून साइन आकाराचा सलग करंट न घेता ठोक्याठोक्याने घेतो. त्यामुळे त्याच तारांमधून ५० हर्ट्झबरोबर २५० हर्ट्झ, ३५० हर्ट्झ अशा वारंवारतांचेही करंट वाहू लागतात. त्याच तारांवर हीटरसारखा साधा भार जोडलेला असेल तर त्याच्या टोकांवर नेमके किती व्होल्टेज येते आणि त्यात किती वॅट खर्च होतात, हा प्रश्न एकाच वारंवारतेच्या गणितांनी सुटत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार येथील तंत्रनिकेतनांत दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न परीक्षेत वेगळ्या वेषात भेटतो: एका स्रोतावर cos 2000t लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर cos 5000t.

या लेखात असे एकच सर्किट शेवटपर्यंत सोडवले आहे. फेजर म्हणजे काय, j चा अर्थ काय आणि इम्पीडन्स कसा काढतात, एवढे वाचकाला माहीत आहे असे धरले आहे.

सर्किट आणि त्यातील दिशा

वरील मिलचेच सोपे रूप कागदावर काढू. डावीकडे व्होल्टेज स्रोत v1 आहे. हा ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा समजा. त्याच्या वरच्या टोकापासून उजवीकडे ३ मिलीहेन्रीचा इंडक्टर जातो. तो ट्रान्सफॉर्मरचे आणि केबलचे इंडक्टन्स दाखवतो. इंडक्टरच्या उजव्या टोकाला एक नोड आहे, त्याला A म्हणू. A पासून खालच्या सामायिक तारेपर्यंत ८ ओहमचा रेझिस्टर आहे, हा भार झाला. त्याच दोन टोकांवर, म्हणजे A आणि खालची तार यांच्यामध्ये, करंट स्रोत i2 आहे आणि त्याचा बाण वर A कडे आहे. हा ड्राइव्ह समजा.

```
v1 = 20 cos(2000t)  V
i2 = 3.4 cos(5000t) A
L  = 3 mH,  R = 8 ohm
```

कोनीय वारंवारता ५० आणि २५० हर्ट्झच्या न घेता २००० आणि ५००० रेडियन प्रतिसेकंद घेतल्या आहेत, कारण त्यामुळे आकडे सुटसुटीत येतात आणि लक्ष पद्धतीवर राहते. आपल्याला दोन गोष्टी काढायच्या आहेत: इंडक्टरमधून डावीकडून उजवीकडे जाणारा करंट iL आणि रेझिस्टरवरचे व्होल्टेज vR, ज्यात A हे टोक धन आहे. या दिशा आत्ताच बाणांनी आणि धन-ऋण चिन्हांनी आकृतीवर लिहून ठेवा आणि गणित संपेपर्यंत त्यांना हात लावू नका. पुढे दोन वेगवेगळी सर्किटे सोडवायची आहेत, आणि एका सर्किटात करंट उजवीकडे धन धरला व दुसऱ्यात सोयीसाठी डावीकडे धरला, तर शेवटची बेरीज चुकते. शिवाय उत्तर दिसायला व्यवस्थित असते, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

आकडेमोड सुरू करण्याआधी स्रोतांची वारंवारतेनुसार विभागणी करा. इथे दोनच स्रोत आहेत आणि दोघांच्या वारंवारता वेगळ्या आहेत, म्हणून गटही दोनच पडतात. सर्किटात तीन स्रोत असते आणि त्यांपैकी दोघांची वारंवारता एकच असती, तर ते दोघे एकाच गटात ठेवून एकत्र सोडवता आले असते. डीसी स्रोत असेल तर तो शून्य वारंवारतेचा स्वतंत्र गट धरावा. त्या गटात इंडक्टर म्हणजे सरळ तार आणि कपॅसिटर म्हणजे उघडे टोक. एखादा स्रोत sin मध्ये दिला असेल तर सुरुवातीलाच तो cos मध्ये बदलून घ्यावा, कारण sin ωt म्हणजे cos(ωt − 90°).

पहिला गट: फक्त व्होल्टेज स्रोत चालू

करंट स्रोत शून्य करायचा म्हणजे त्याच्यातून शून्य करंट वाहू द्यायचा, म्हणजेच ती फांदी उघडी ठेवायची. आकृतीतून ती फांदी खोडून टाका. आता राहिले फक्त एक वेटोळे: २० व्होल्टचा स्रोत, इंडक्टर आणि रेझिस्टर. या गटाची कोनीय वारंवारता २००० आहे, म्हणून इंडक्टरचा रिअॅक्टन्स २००० गुणिले ०.००३ म्हणजे ६ ओहम.

```
Z   = 8 + j6 = 10∠36.87° ohm
IL' = 20∠0° / 10∠36.87° = 2∠-36.87° A
VR' = 8 × IL' = 16∠-36.87° V
```

स्रोत डावीकडून करंट ढकलतो, तो इंडक्टरमधून उजवीकडेच जातो, म्हणून iL चे चिन्ह आपण ठरवलेल्या दिशेशी जुळते. आता पुढच्या गटाकडे जाण्याआधी हे फेजर काळाच्या भाषेत लिहा:

```
iL' = 2  cos(2000t - 36.87°) A
vR' = 16 cos(2000t - 36.87°) V
```

हे रूपांतर लगेच करण्यामागे कारण आहे. 16∠−36.87° एवढेच लिहिले की त्यात परिमाण आणि कोन राहतो, पण तो किती वेगाने फिरणारा फेजर होता ही माहिती कागदावर कुठेच राहत नाही. ती फक्त आपल्या डोक्यात असते, आणि पान उलटले की तीही निघून जाते. cos(2000t − 36.87°) असे लिहिले की वारंवारता उत्तरासोबत बांधली जाते.

दुसरा गट: फक्त करंट स्रोत चालू

व्होल्टेज स्रोत शून्य करायचा म्हणजे त्याच्या टोकांवर शून्य व्होल्टेज ठेवायचे, म्हणजेच त्याच्या जागी तार जोडायची. इथे घाईत स्रोत काढून जागा मोकळी ठेवण्याची चूक नवख्यांकडून फार होते. तसे केले तर इंडक्टरचे डावे टोक अधांतरी राहील, सगळा करंट रेझिस्टरमधूनच जाईल आणि vR चा दुसरा भाग २४ ऐवजी २७.२ व्होल्ट येईल. असे उत्तर आले की समजावे की इंडक्टर सर्किटातून नकळत बाहेर पडला आहे.

तार जोडल्यावर इंडक्टर आणि रेझिस्टर करंट स्रोताला समांतर येतात. आता वारंवारता ५००० आहे, म्हणून रिअॅक्टन्स नव्याने काढायचा: ५००० गुणिले ०.००३ म्हणजे १५ ओहम. मागच्या पानावरचे ६ ओहम इथे चालत नाहीत. इंडक्टर तोच आहे, पण वारंवारता अडीचपट झाल्याने त्याचा विरोधही अडीचपट झाला. कपॅसिटर असता तर त्याचा रिअॅक्टन्स उलट अडीचपटीने कमी झाला असता. थोडक्यात, दर गटाला स्वतःची आकृती आणि स्वतःचे इम्पीडन्स असतात.

करंट दोन फांद्यांत विभागला जातो. इंडक्टरच्या वाट्याला येणारा करंट असा:

```
I  = 3.4∠0° × 8 / (8 + j15)
   = 3.4 × 8 / 17∠61.93°
   = 1.6∠-61.93° A
```

आता दिशा तपासा. करंट स्रोत A मध्ये करंट सोडतो आणि इंडक्टरच्या वाट्याचा करंट A पासून डावीकडे, स्रोताच्या जागी जोडलेल्या तारेकडे जातो. आपण iL उजवीकडे धन धरला आहे. म्हणून iL चा दुसरा भाग ऋण आहे:

```
iL'' = -1.6 cos(5000t - 61.93°) A
```

रेझिस्टरवरचे व्होल्टेज काढायला इंडक्टरवरचेच व्होल्टेज काढले तरी चालते, कारण या गटात दोघे समांतर आहेत. 1.6∠−61.93° ला j15 ने गुणले की 24∠28.07° येते, आणि A हे टोक धन असल्यामुळे इथे चिन्ह बदलत नाही:

```
vR'' = 24 cos(5000t + 28.07°) V
```

बेरीज काळात करा

आता दोन्ही गटांची उत्तरे एकमेकांखाली लिहून बेरीज करा:

```
iL = 2  cos(2000t - 36.87°) - 1.6 cos(5000t - 61.93°) A
vR = 16 cos(2000t - 36.87°) + 24  cos(5000t + 28.07°) V
```

हेच अंतिम उत्तर आहे. यापुढे याचा एकच cos होत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. वर्गात इथे हमखास एक प्रश्न येतो: "सर, दोन्ही फेजर काढलेच आहेत, मग 16∠−36.87° आणि 24∠28.07° यांची बेरीज करून एकच फेजर का लिहायचा नाही?" प्रश्न रास्त आहे, कारण एकाच वारंवारतेच्या सुपरपोझिशनमध्ये आपण नेमके तेच करतो.

फेजरमधून आपण e^(jωt) हा गुणक वेगळा काढून ठेवतो. सगळे फेजर एकाच ω ने फिरत असतील तर त्यांच्यातला कोन कायम राहतो, म्हणून फिरणे विसरून फक्त एका क्षणाच्या चित्रावर गणित करता येते. ω वेगळे असतील तर घड्याळाच्या तासकाट्यात आणि मिनिटकाट्यात जसा कोन सतत बदलत असतो, तसा या दोन फेजरमधला कोनही बदलत राहतो. दोघांना जोडून मिळणाऱ्या बाणाची लांबी दर क्षणाला वेगळी असते. ती एका आकड्यात सांगताच येत नाही.

तरीही ती बेरीज केली तर काय येते ते पाहू, म्हणजे चुकीचे उत्तर समोर आल्यावर ओळखता येईल. ती येते 34.02∠2.85°. या उत्तरावर विश्वास ठेवणारा म्हणेल की रेझिस्टरवर जास्तीत जास्त ३४ व्होल्ट येतील. प्रत्यक्षात काळातल्या समीकरणात t = ३.६५ मिलीसेकंद घातले तर vR सुमारे ३८.८ व्होल्ट येते, कारण त्या क्षणाला दोन्ही लाटा जवळजवळ एकत्र शिखरावर असतात. मर्यादा १६ आणि २४ यांची साधी बेरीज, म्हणजे ४० व्होल्ट, आहे. तिच्यापलीकडे vR कधीच जाणार नाही. पण फेजरच्या बेरजेतला ३४ हा आकडा ना शिखर सांगतो, ना सरासरी. मीटर, इन्सुलेशन किंवा कपॅसिटर निवडताना या आकड्यावर भिस्त ठेवली तर प्रत्यक्ष व्होल्टेज त्याच्या वर जाते.

एक बारीक गोष्ट: २००० आणि ५००० यांचे प्रमाण २:५ असे पूर्णांकांत आहे, म्हणून एकत्रित लाट दर ६.२८३ मिलीसेकंदांनी स्वतःची पुनरावृत्ती करते. या काळात पहिली लाट दोन फेऱ्या आणि दुसरी पाच फेऱ्या पूर्ण करते. प्रमाण पूर्णांकांत नसेल, उदाहरणार्थ एक वारंवारता २००० आणि दुसरी त्याच्या √2 पट असेल, तर एकत्रित लाट कधीच तंतोतंत पुनरावृत्त होत नाही. सुपरपोझिशनची पद्धत मात्र तेव्हाही हीच राहते.

उत्तर बरोबर आहे हे कसे तपासावे

काळातल्या उत्तराचा मोठा फायदा असा की ते कोणत्याही क्षणाला तपासता येते. सर्वांत सोपा क्षण t = 0. तेव्हा iL = 2 × 0.8 − 1.6 × 0.4706 = 0.847 अँपिअर आणि i2 = 3.4 अँपिअर. A नोडमध्ये येणारे दोन्ही करंट मिळून 4.247 अँपिअर होतात आणि हा सगळा करंट रेझिस्टरमधून खाली गेला पाहिजे. आता vR पाहा: 16 × 0.8 + 24 × 0.8824 = 33.98 व्होल्ट, आणि त्याला ८ ने भागले की 4.247 अँपिअर येतात. नोड जुळला. दुसऱ्या गटात आपण ऋण चिन्ह विसरलो असतो तर iL 2.353 आला असता, येणारे करंट 5.753 झाले असते आणि चूक इथेच उघडी पडली असती. दिशेची चूक पकडण्यासाठी यापेक्षा खात्रीची तपासणी माझ्या माहितीत नाही.

वेटोळेही तपासून घ्या. t = 0 ला iL चा बदलाचा दर 2400 − 7058.8 = −4658.8 अँपिअर प्रतिसेकंद आहे. त्याला ०.००३ ने गुणले की इंडक्टरवर −13.98 व्होल्ट येतात. 33.98 मधून 13.98 गेले की राहतात 20.00 व्होल्ट, आणि t = 0 ला v1 तेवढेच आहे.

आता t = १ मिलीसेकंद घेऊन पाहा, कारण इथे कॅल्क्युलेटरची एक नेहमीची चूक होते. 2000t म्हणजे २, पण ते २ रेडियन आहेत; समीकरणातला 36.87 हा कोन मात्र अंशांत आहे. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय वजाबाकी करता येत नाही. २ रेडियन म्हणजे 114.59° आणि ५ रेडियन म्हणजे 286.48°. म्हणून:

```
vR = 16 cos(77.72°) + 24 cos(314.55°)
   = 3.40 + 16.84 = 20.24 V
```

कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून थेट cos(2 − 36.87) आणि cos(5 + 28.07) काढले तर 33.24 व्होल्ट येतात. हा आकडा t = 0 च्या 33.98 च्या अगदी जवळ आहे, आणि तीच त्याची खूण आहे. वेळ पुढे सरकूनही उत्तर जवळजवळ हलत नसेल, तर रेडियन अंश समजून घातले गेले आहेत असे समजावे.

पॉवर आणि आरएमएस

सुपरपोझिशन व्होल्टेजला आणि करंटला लागते, पॉवरला लागत नाही, हे वाक्य बहुतेकांच्या वहीत लिहिलेले असते. दोन वेगळ्या वारंवारतांच्या बाबतीत त्याला एक महत्त्वाची पुरवणी जोडावी लागते. vR चा वर्ग करा. तीन पदे मिळतात: पहिल्या भागाचा वर्ग, दुसऱ्या भागाचा वर्ग आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. हा गुणाकार उलगडला की त्यात 3000t आणि 7000t असलेले दोन cos मिळतात. एका पूर्ण ६.२८३ मिलीसेकंदांच्या आवर्तनावर त्या दोन्हींची सरासरी शून्य होते. म्हणून सरासरी पॉवरमध्ये फक्त दोन वर्ग उरतात:

```
P = 16²/(2×8) + 24²/(2×8) = 16 + 36 = 52 W
Vrms = sqrt(16²/2 + 24²/2) = sqrt(416) = 20.40 V
```

20.40 चा वर्ग भागिले ८ केले की पुन्हा ५२ वॅटच येतात. म्हणजे वारंवारता वेगळ्या असतील तर सरासरी पॉवर गटागटाने काढून बेरीज करता येते. एकच वारंवारता असती तर गुणाकाराच्या पदाची सरासरी शून्य झाली नसती आणि ही सूट मिळाली नसती. वर पाहिलेल्या चुकीच्या फेजरमधून, म्हणजे 34.02 वरून, पॉवर काढली तर 72.3 वॅट येतात, म्हणजे खऱ्यापेक्षा जवळपास चाळीस टक्के जास्त. ही ५२ वॅटची बेरीज फक्त सरासरीसाठी आहे, हेही लक्षात असू द्या. एखाद्या क्षणाची पॉवर काढायची असेल तर त्या क्षणाचे पूर्ण vR घेऊनच वर्ग करावा लागतो; t = 0 ला ती सुमारे १४४ वॅट आहे.

सिम्युलेशनवर पाहणे

संगणकावर ngspice हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर पुढील ओळींनी हेच सर्किट चालवता येते. SPICE मध्ये करंट स्रोताचा करंट स्रोताच्या आतून पहिल्या नोडकडून दुसऱ्याकडे वाहतो, म्हणून A मध्ये (इथे नोड 2) करंट सोडण्यासाठी 0 2 असा क्रम लिहिला आहे. शेवटचे 90 हे sin चा cos करण्यासाठी आहेत.

```
* two sources, two frequencies
V1 1 0 SIN(0 20 318.31 0 0 90)
L1 1 2 3m
R1 2 0 8
I1 0 2 SIN(0 3.4 795.775 0 0 90)
.tran 5u 40m 20m 5u
.meas tran vrms RMS v(2) from=20m to=32.566m
.end
```

नोंद २० मिलीसेकंदांपासून घेण्याचे कारण असे की आपले हाताने काढलेले उत्तर स्थिर अवस्थेचे आहे. स्रोत सुरू केल्यावर सुरुवातीला काही काळ एक विरत जाणारा घटकही असतो. त्याचा कालांक L भागिले R, म्हणजे ०.३७५ मिलीसेकंद आहे, आणि पाच कालांकांत, म्हणजे सुमारे दोन मिलीसेकंदांत, तो नगण्य होतो. आरएमएस मोजण्यासाठी निवडलेला काळ एकत्रित लाटेच्या दोन पूर्ण आवर्तनांएवढा आहे. अर्धवट आवर्तनावर मोजले तर 20.40 ऐवजी थोडा वेगळा आकडा येतो, आणि त्यात सिम्युलेशनचा काही दोष नसतो.

प्रयोगशाळेतील टेबलावर

३.४ अँपिअरचा करंट स्रोत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहसा मिळत नाही. तिथे दोन फंक्शन जनरेटर घेऊन, प्रत्येकाला मालिकेत एकेक रेझिस्टर जोडून आणि मूल्ये मोठी ठेवून हाच प्रयोग करता येतो. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली म्हणजे फंक्शन जनरेटरला स्वतःचा आउटपुट रोध असतो, बहुधा ५० ओहम. कागदावर व्होल्टेज स्रोत शून्य करताना आपण त्याच्या जागी शुद्ध तार घेतो. टेबलावर मात्र त्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर राहिला पाहिजे. जनरेटर काढून त्या जागी नुसती तार जोडली, तर मोजलेल्या दोन भागांची बेरीज दोन्ही जनरेटर चालू असतानाच्या मोजमापाशी जुळत नाही, आणि विद्यार्थ्याला प्रमेयच चुकले असे वाटू लागते. सर्वांत सोपा उपाय असा की जनरेटर जोडलेलाच ठेवावा आणि त्याचे अँप्लिट्यूड शून्यावर आणावे.

दुसरी म्हणजे दोन्ही जनरेटरचे ऋण टोक आणि ऑसिलोस्कोपच्या प्रोबचे ग्राउंड हे सर्व बहुधा मुख्य अर्थिंगला जोडलेले असतात. त्यामुळे दोन्ही स्रोतांचे एक टोक सामायिक तारेवरच असेल अशी रचना निवडा. आपल्या सर्किटात ती तशी आहे. इंडक्टरवरचे व्होल्टेज मात्र एका प्रोबने थेट मोजता येणार नाही. त्यासाठी दोन चॅनल लावून त्यांची वजाबाकी पाहावी.

मोजमाप मल्टिमीटरने करायचे असेल तर तो ट्रू आरएमएस प्रकारचा हवा. साधा मीटर सरासरी मोजून ती लाट साइन आहे असे गृहीत धरून आकडा दाखवतो, आणि आपली लाट साइन नाही. शिवाय अनेक स्वस्त मीटर एसीमध्ये सुमारे ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात, तर आपला दुसरा स्रोत ७९६ हर्ट्झच्या आसपास आहे. प्रत्येक जनरेटर एकेकटा चालू ठेवून घेतलेली दोन आरएमएस मूल्ये आणि दोन्ही चालू ठेवून घेतलेले एकत्रित मूल्य यांची तुलना करा. दोन मूल्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ एकत्रित मूल्याशी जुळले पाहिजे. साधी बेरीज जुळणार नाही.

पुन्हा मिलकडे, आणि पद्धतीची मर्यादा

हीच पद्धत आता ५० आणि २५० हर्ट्झला लावा. तोच ३ मिलीहेन्रीचा इंडक्टर ५० हर्ट्झला सुमारे ०.९४ ओहम आणि २५० हर्ट्झला सुमारे ४.७१ ओहम विरोध करतो. म्हणून पहिल्या गटात भाराला जवळजवळ पूर्ण पुरवठा पोहोचतो. दुसऱ्या गटात ड्राइव्हच्या २५० हर्ट्झ करंटला मागे ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी वाट ५० हर्ट्झच्या मानाने पाचपट अवघड होते आणि त्याचा काही भाग भारात शिरतो. मिलमध्ये पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कपॅसिटर बँक बसवलेली असेल तर दुसऱ्या गटाची आकृती अधिकच काळजीने काढावी लागते, कारण कपॅसिटरचा रिअॅक्टन्स २५० हर्ट्झला पाचव्या हिश्शावर येतो आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या इंडक्टन्सबरोबर समांतर रेझोनन्सच्या जवळ जाऊ शकतो. ५० हर्ट्झच्या गटात याचा मागमूसही दिसत नाही; म्हणूनच दोन्ही गट वेगळे सोडवण्याला इथे खरी किंमत आहे.

या सगळ्याची एक अट आहे: सर्किट रेषीय असले पाहिजे. रेझिस्टर, हवेचा गाभा असलेला इंडक्टर आणि साधा कपॅसिटर ती पाळतात. लोखंडी गाभ्याचा इंडक्टर करंट वाढल्यावर संतृप्त होतो आणि त्याचे ३ मिलीहेन्री तेवढे राहत नाहीत. अशा वेळी एकेका स्रोताने आलेली उत्तरे जोडून एकत्रित उत्तर मिळत नाही. ड्राइव्हमधले डायोड तर मुळातच रेषीय नाहीत. आपण ड्राइव्हच्या जागी ठरावीक करंट स्रोत ठेवला, हे तेवढ्यापुरते चालते जेवढ्यापुरता ड्राइव्हचा २५० हर्ट्झ करंट टोकांवरच्या व्होल्टेजच्या विकृतीने फारसा बदलत नाही. हे तपासायचे असेल तर हार्मोनिक मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने ड्राइव्हचा २५० हर्ट्झ करंट आधी कपॅसिटर बँक बंद ठेवून आणि मग चालू करून मोजा. दोन्ही वेळा तो जवळपास सारखा आला तर हे मॉडेल वापरावे. लक्षणीय बदलला तर ड्राइव्ह आणि लाइन यांना एकत्र घेऊन काळातले पूर्ण सिम्युलेशनच करावे लागते.